काउंटर किती वाजता उघडेल?

माझ्या हाताखाली चार वर्षं काम केलेल्या एका मुलाने मध्यंतरी त्याची प्रोफाइल पाठवली. नोकरी बदलायची होती, आणि ‘सर, एकदा नजर टाका’ एवढाच निरोप होता. दोन पानं, इंग्रजीत. कामाच्या रकान्यात मराठीत सांगायचं तर असं लिहिलं होतं: ‘डेटा प्रोटेक्शन सोल्यूशन्सचे डेमो आणि पीओसी. बँकिंग क्षेत्रातल्या ६ कोटींच्या डील्सना सपोर्ट. रिक्वायरमेंट गॅदरिंग, टेंडरची तांत्रिक उत्तरं, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट.’

गेली काही वर्षं मी प्री-सेल्सच्या जागांसाठी मुलाखती घेतो. अशा ओळी दिवसाला दहा वाचतो आणि त्यातून एकच कळतं, की हा माणूस या धंद्यात आहे. तो काय करतो ते कळत नाही. या मुलाच्या बाबतीत मला त्या ओळीमागचं ठाऊक होतं. त्यातला एक सौदा तर माझ्या डोळ्यांसमोर झाला होता. तोच आधी सांगतो, कारण प्री-सेल्स इंजिनिअर म्हणजे नेमकं कोण, हे घरच्यांना समजावता समजावता आम्ही सगळेच थकलेले असतो. विक्री करणारा माणूस वेगळा, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. माल बसवून देणारा इंजिनिअर वेगळा, तो ऑर्डर आल्यावर येतो. या दोघांच्या मध्ये, घेणाऱ्याने अजून पैसे दिलेले नसताना, ‘हे तुमच्याकडे चालेल का आणि कसं’ याचं उत्तर देणारा तो प्री-सेल्सवाला. पगार त्याला विकणाऱ्या कंपनीचाच असतो. तरी घेणाऱ्याला खरं सांगणं हे त्याचं काम असतं, आणि सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

तर ती बँक. १४ शाखांची नागरी सहकारी बँक, मुख्य कचेरी तालुक्याच्या गावी. २०२४ चा ऑगस्ट होता. त्याआधी ३१ जुलैला एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला आपल्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं होतं. ही कंपनी लहान बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवते, तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता होती आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकल्याच्या बातम्या आल्या. रॅन्समवेअर म्हणजे चोर घरात शिरून काही नेत नाही, सगळ्या कपाटांना स्वतःची कुलुपं लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. आमच्या या बँकेची यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर होती, त्या प्रकरणाशी तिचा काही संबंध नव्हता. पण संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी पेपर उघडून दाखवला आणि आठवड्याभरात आम्हाला बोलावणं आलं.

पहिला डेमो पडला, सपशेल. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. आमच्या सेल्सवाल्याने सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांची स्लाइड लावली. नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट ३१ डिसेंबर २०१९ पासून आहे, ती त्याने वाचून दाखवली. समोरच्यांच्या फायलीत ती कधीच लागली होती. मग आमच्या पोराने लॅपटॉप जोडला आणि डॅशबोर्ड, शेड्यूल, डीडुप्लिकेशन, रिपोर्ट असा चाळीस मिनिटांचा फेरफटका मारला. डीडुप्लिकेशन म्हणजे तीच तीच माहिती पुन्हा न साठवणं. त्यावर तो आठ मिनिटं बोलला. अध्यक्ष मोबाइल बघत होते. आयटीचा एकुलता एक माणूस माना डोलावत होता, पण सही त्याची चालणार नव्हती.

शेवटी मुख्य लेखापाल मॅडमनी हात वर केला. ‘हे सगळं चांगलंच असेल. पण समजा, सोमवारी सकाळी नऊला कळलं की सगळं बंद आहे. तर काउंटर किती वाजता उघडेल?’

आमच्या पोराने सांगितलं, ‘मॅडम, आमचं आरटीओ इंडस्ट्रीत सगळ्यात चांगलं आहे.’

‘आरटीओचं इथे काय काम?’ अध्यक्षांनी मोबाइलमधून मान वर केली. सगळे हसले. आम्हीही हसलो, पण परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही.

आमच्या धंद्यात आरटीओ म्हणजे बंद पडलेलं काम पुन्हा सुरू व्हायला जास्तीत जास्त किती वेळ चालेल, आणि आरपीओ म्हणजे मागची किती मिनिटांची नोंद गेली तरी चालेल. ही दोन आकडी उत्तरं घेणाऱ्याने द्यायची असतात, आपण फक्त ती पुरी करायची असतात. पोराने उलटं केलं होतं. त्याने विचारलंच नव्हतं.

मी त्याला दुसऱ्या दिवशी एकट्यालाच परत पाठवलं. लॅपटॉप ऑफिसात ठेव म्हटलं. मॅडमच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून तो साडेतीन तास बसला आणि डे-एंड होईपर्यंत थांबला. परत आला तेव्हा वहीत लिहिलेलं होतं ते कुठल्याही स्लाइडवर नव्हतं. काउंटरवरच्या रोखीचे, चेकचे व्यवहार पंधरा मिनिटांचे गेले तर व्हाउचर हातात असतात, ते बघून पुन्हा टाकता येतात. एटीएम आणि यूपीआयच्या नोंदींना व्हाउचर नसतं, त्या स्विचकडून येणाऱ्या फाइलशी जुळवाव्या लागतात, आणि त्याला एक माणूस दिवसभर बसतो. म्हणजे पंधरा मिनिटं चालतील, दोन तास नाही. आणि बँक किती वेळ बंद राहिलेली चालेल? मॅडम म्हणाल्या होत्या, ‘सकाळचं सत्र गेलं तर सांभाळून घेऊ. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही तर गावात बातमी होते.’

हे शहरातल्या माणसाला पटकन कळायचं नाही. तालुक्याच्या गावी सहकारी बँकेचं शटर दिवसभर अर्धं खाली दिसलं, तर ‘सर्व्हर डाउन आहे’ असं कुणी म्हणत नाही. बँक बुडाली म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ठेव काढायला रांग लागते. अध्यक्षांना भीती त्या रांगेची होती. व्याजाचं किंवा कमिशनचं नुकसान त्या सगळ्या बोलण्यात कुणी एकदाही मोजलं नाही.

मग पोराने हिशेब मांडला, पाटीवर गणित मांडावं तसा. बँकेचा एकूण डेटा साधारण ४ टीबी. त्यातला कोअर बँकिंगचा डेटाबेस ६०० जीबी. आमच्याआधी एका पुरवठादाराने बँकेला सगळा बॅकअप क्लाउडवर ठेवायचं कोटेशन दिलं होतं, आणि ते आमच्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. बॅकअप रोज थोडा थोडा वर जातो, त्यामुळे जाताना अडचण दिसत नाही. अडचण परत आणताना येते. बँकेची लीज लाइन १०० एमबीपीएसची. यातलं ‘बी’ म्हणजे बिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात अकराच्या आसपास. ६०० जीबी भागिले ११: सुमारे पंधरा तास. सगळे ४ टीबी आणायचे तर चार दिवसांहून जास्त. तेच बॅकअपचं यंत्र बँकेच्याच इमारतीत असेल आणि एक गिगाबिटच्या नेटवर्कने जोडलेलं असेल, तर सेकंदाला शंभरेक मेगाबाइट मिळतात. डेटाबेस एक तास चाळीस मिनिटांत, सगळं मिळून अकरा तासांत.

अकरा तास म्हणजे सोमवारची संध्याकाळ गेलीच. पण सगळं आणायची गरज कुठे होती? जुनी पत्रं, स्कॅन केलेली कर्जप्रकरणं, ईमेल रात्री आली तरी चालतात. आधी फक्त डेटाबेस आणायचा, असं ठरवून पोराने क्रम लावला आणि मॅडमना दाखवला. त्यांनी पेन्सिलीने एक ओळ वर सरकवली. ‘सह्या आधी. सही दिसल्याशिवाय चेक पास कसा करायचा?’ खातेदारांच्या सह्यांच्या प्रतिमा वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, ८० जीबी. तेरा-चौदा मिनिटं वाढली. आमच्या कंपनीतल्या कुठल्याही आर्किटेक्टला हे सुचलं नसतं. मला तर नाहीच.

दुसरा डेमो अकरा मिनिटांचा होता. पीटर कोहन यांच्या ‘ग्रेट डेमो!’ या पुस्तकात शेवट आधी दाखवायचा सल्ला आहे. आमच्या धंद्यात तो सगळ्यांना पाठ असतो आणि पाळत कुणी नाही. पोराने या वेळी पाळला. पहिलीच गोष्ट त्याने दाखवली ती एका नमुना डेटावर चालू झालेली काउंटरची स्क्रीन: खातं, शिल्लक, सही. शेजारी त्याचं मनगटी घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. ‘नऊला बंद पडलं असं धरलं, तर ही स्क्रीन दुपारी एकच्या आत. मध्ये काय होतं ते विचाराल तेवढं सांगतो.’ डीडुप्लिकेशनचा शब्द निघाला नाही. आयटीच्या माणसाने नंतर चहाच्या वेळी विचारला, तेव्हा त्याला सावकाश सांगितला.

आणि एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली, जी ऐकून सेल्सवाल्याचा चेहरा उतरला. चार तास हा फक्त प्रत आणून यंत्रणा उभी करण्याचा वेळ आहे. हल्लेखोर आत शिरून किती दिवस गप्प बसला होता, कोणती प्रत स्वच्छ आहे, हे शोधायला किती वेळ लागेल ते कुठलंच यंत्र आधी सांगू शकत नाही. म्हणून जुन्या प्रती तीस दिवसांच्या ठेवायच्या, आणि त्या अशा ठेवायच्या की मुदत संपेपर्यंत अ‍ॅडमिनचा पासवर्ड हातात असणाऱ्यालाही पुसता येऊ नयेत. चोराच्या हाती आधी तोच पासवर्ड लागतो.

यानंतर पीओसी. म्हणजे विकत घेण्याआधी घेणाऱ्याच्या जागेत, घेणाऱ्याच्या डेटावर करून दाखवायची चाचणी. बहुतेक पीओसी लोंबकळतात, कारण पास कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं नसतं. मग महिनाभर ‘अजून एक बघू’ चालतं. इथे एका कागदावर तीन अटी लिहिल्या आणि दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. पहिली गठडी, म्हणजे डेटाबेस आणि सह्या, चार तासांत चालू. आम्ही निवडू त्या नव्हे, मॅडम ऐन वेळी सांगतील त्या तारखेची प्रत, आणि तिची अखेरची रोख शिल्लक व तेरीज त्या दिवशीच्या छापील कागदाशी पैशापैशाने जुळली पाहिजे. तिसरी, अ‍ॅडमिनच्या पासवर्डने प्रत पुसायचा प्रयत्न करायचा आणि तो फसला पाहिजे. डेटा बँकेबाहेर जाणार नव्हता. आमचं यंत्र तिथे न्यायचं, बँकेचा एक शिल्लक सर्व्हर वापरायचा.

सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी सुरुवात झाली. ११ वाजून ५८ मिनिटांनी प्रत आली. टाळ्या वाजायच्या बाकी होत्या. कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर चालू करायला गेलो तर पडद्यावर लायसन्स अवैध. ते लायसन्स जुन्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेलं होतं. दुसऱ्या यंत्रावर ते उघडणारच नव्हतं. डेटा शंभर टक्के बरोबर, आणि काउंटर बंद. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला फोन लावला, त्यांनी मेल करा म्हणून सांगितलं, आणि मेलला उत्तर यायला दोन दिवस गेले.

सेल्सवाल्याचं म्हणणं होतं, की आपला भाग पास झाला, तसा रिपोर्ट लिहू. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. पोराने लिहिलं: ‘पहिली अट: अयशस्वी. प्रत १ तास ५३ मिनिटांत आली. सॉफ्टवेअर चालू झालं नाही. कारण लायसन्स.’ खाली बँकेने आपल्या सॉफ्टवेअर कंपनीकडे आपत्तीच्या वेळचं दुसरं लायसन्स मागण्यासाठी पत्राचा मसुदाही जोडला. सेल्सवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी रिपोर्ट वाचला आणि तसाच जाऊ दिला. खरं सांगायचं तर मलाही थोडं धस्स झालं होतं, तिमाही संपत आली होती.

पुढच्या पंधरवड्यात बँकेला दुसरी की मिळाली. चाचणी पुन्हा झाली, ३ तास २० मिनिटं. तेरीज जुळली, प्रत पुसता आली नाही. २८ लाखांची ऑर्डर निघाली, स्वस्त क्लाउडवाल्याला डावलून. एक प्रत क्लाउडवर ठेवलीच, पण ती इमारतच जळाली किंवा पाण्यात गेली तर वापरायची म्हणून, आणि त्या वेळी पंधरा तास लागतील हे लिहून देऊन.

आता पुन्हा त्या प्रोफाइलकडे. ‘६ कोटींच्या डील्सना सपोर्ट’ या चार शब्दांत यातलं काय आलं? मी त्याला फोनवर विचारलं, हे ६ कोटी कसे जमवलेस. तो प्रामाणिक मुलगा आहे, लगेच सांगून मोकळा झाला. तीन वर्षांत ज्या २३ सौद्यांत त्याचं पाऊल पडलं, त्या सगळ्यांची बेरीज. त्यात कुठे एक डेमो दिला होता, कुठे टेंडरमधल्या चाळीस प्रश्नांची उत्तरं भरली होती. पीओसी त्याने स्वतः चालवलेले सौदे नऊ. त्यातल्या सहा ठिकाणी घेणाऱ्याच्या तांत्रिक माणसांनी पसंती दिली, आणि त्या सहांपैकी चार ऑर्डरी आल्या, मिळून १ कोटी ९० लाख. दोन ठिकाणी पसंती मिळूनही किंमतीवर घसरलं.

मी म्हटलं, असंच लिही. तो बिचकला. ‘सर, ६ कोटींचे १.९ झाले तर शॉर्टलिस्ट कोण करेल?’ त्याची भीती अगदीच खोटी नाही. पहिली चाळणी लावणारा मोठा आकडा बघतो हे खरं. पण दुसऱ्या फेरीत माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो, आणि तो पहिला प्रश्न हाच विचारतो, की यातलं तुमचं काय. प्री-सेल्सवाल्याने ‘मी सौदा क्लोज केला’ म्हटलं की कान टवकारतात. सौदा क्लोज करतो सेल्सवाला, भाव तो ठरवतो, सही तो आणतो. प्री-सेल्सवाल्याची मालकी तांत्रिक पसंतीपुरती, आणि नऊपैकी सहा हा आकडा माझ्या लेखी ६ कोटींपेक्षा बोलका आहे. त्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो: उरलेल्या तीन ठिकाणी काय झालं?

त्याने विचारून ठेवलं होतं. एका ठिकाणी आमचं यंत्र त्यांच्या जुन्या डेटाबेसला जोडलंच गेलं नाही, आणि हे पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं. तेही प्रोफाइलमध्ये गेलं, एका ओळीत.

बँकेचा सौदा आम्ही असा लिहिला: ‘१०० ते २०० कर्मचाऱ्यांची सहकारी बँक. प्रश्न: हल्ला झाल्यास काउंटर त्याच दिवशी उघडणं. मी केलं: लेखा विभागासोबत बसून पुनर्स्थापनेचा क्रम ठरवला, तीन लेखी अटींवर पीओसी चालवला. पहिल्यांदा फसला, कारण सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या सर्व्हरला बांधलेलं. दुरुस्तीनंतर ४ तासांच्या अटीत ३ तास २० मिनिटं. ऑर्डर २८ लाख, कमी किंमतीचा पर्याय समोर असताना.’ बँकेचं नाव नाही, तालुका नाही, शाखांची संख्याही गाळली. गोपनीयतेचा करार असतो, आणि जो दुसऱ्याच्या ग्राहकाचं नाव कागदावर लिहितो तो उद्या आपल्याही ग्राहकाचं लिहील, हे मुलाखत घेणाऱ्याला कळतं. या मजकुरात आमच्या यंत्राचं नावदेखील कुठे नव्हतं. उत्पादनांची आणि सर्टिफिकेटांची यादी पान दोनवर, खाली, बारीक अक्षरात गेली. सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क यातलं येतं एवढं चाळणी लावणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं.

‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ मी खोडलं तेव्हा त्याने जरा हुज्जत घातली. मी विचारलं, बँकेत तुझे स्टेकहोल्डर कोण होते? म्हणाला, लेखापाल मॅडम, अध्यक्ष आणि आयटीचा माणूस. मग तेच लिही.

महिन्याभराने मुलाखत झाली, आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. एका मोठ्या कंपनीच्या प्री-सेल्स प्रमुख बाई समोर होत्या. वीस मिनिटांचा डेमो तयार करून यायला सांगितलं होतं, तो द्यायचा राहूनच गेला. बाई लायसन्सच्या ओळीवर थांबल्या. त्यांच्या एका ग्राहकाकडे गेल्याच आठवड्यात हेच झालं होतं, चाचणीत नव्हे, खरोखरीच्या बिघाडात. तासभर त्यावरच बोलणं झालं: की कुणी मागायची, करारात ते कलम कुठे घालायचं, सॉफ्टवेअर कंपनी पैसे मागते का.

‘सर, त्या पत्राचा मसुदा तुमच्याकडे आहे का? त्यांना पाठवू म्हणतो.’

मी म्हटलं, तो बँकेचा कागद आहे. नवा लिहून दे.